पडदा काळा, पण लॅपटॉपला लावला की आवाज येतो: हा ब्रिक कोणता?

*प्रश्न: डिचोलीहून लिहितोय. स्नॅपड्रॅगनचा फोन, तीन वर्षं वापरलेला. गेल्या रविवारी बूटलोडर अनलॉक करून कस्टम रॉम साइडलोड केला. काम पूर्ण झालं असं दिसलं म्हणून रीबूट दिला, आणि पडदा काळाच. चार्जरचं चिन्हही येत नाही. लॅपटॉपला लावला की मात्र ‘टुंग’ असा आवाज येतो. म्हापशाच्या एका दुकानात दाखवला, तर ‘हार्ड ब्रिक आहे, बोर्ड बदलावा लागेल’ म्हणून परत दिला. खरंच मेलाय का? चवथीला काढलेले माटोळीचे फोटो आत आहेत, ते तरी मिळतील का?*

तो ‘टुंग’ आवाज फोनच काढायला लावतोय. मेलेला बोर्ड लॅपटॉपला स्वतःची ओळख सांगत नाही. तेव्हा बोर्डाचे पैसे आत्ताच मोजू नका. आधी तो नेमकी काय ओळख सांगतोय ते बघा.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, फोन लावा आणि यादीत नवीन काय उगवतं ते पाहा. `Qualcomm HS-USB QDLoader 9008` दिसलं, किंवा ड्रायव्हर नसल्यामुळे पिवळ्या खुणेसह `QUSB_BULK` दिसलं, तर दोन्ही एकच. लिनक्सवर `lsusb` दिल्यावर `05c6:9008` हा आकडा येतो. तुमच्या वर्णनावरून मला हेच दिसेल असं वाटतं. शेवटी `900E` आलं तर ती वेगळी अवस्था. तिथे फोन थोडा पुढे जाऊन कोसळलेला असतो. पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून पुन्हा बघायचं. आणि फोन काळा दिसूनही `fastboot devices` ला उत्तर देत असेल, तर तुमचा नुसता पडदा अंधारात आहे. तो सरळ सॉफ्ट ब्रिक.

आता या आकड्यांचा अर्थ. फोन चालू होताना एकदम अँड्रॉइड उठत नाही, एक दुसऱ्याला उठवत जातो. सगळ्यात आधी जागा होतो तो चिपच्या आत कारखान्यातच कोरलेला छोटा प्रोग्राम, बूट रॉम. तो पुसता येत नाही आणि बदलताही येत नाही. तो स्टोरेजमधल्या `xbl` नावाच्या विभागाला शोधतो, त्यावरची सही तपासतो आणि त्याला उठवतो. `xbl` रॅम सुरू करून `abl` ला उठवतो, आणि फास्टबूटची ती ओळखीची स्क्रीन या `abl` चीच. त्यानंतर कर्नल, आणि मग कुठे अँड्रॉइड.

कस्टम रॉम टाकताना आपण बहुतेक वेळा या रांगेच्या शेवटच्या टोकाशी खेळतो. तिथे बिघडलं तर फोन कंपनीच्या चिन्हावर अडकतो, पुन्हा पुन्हा सुरू होतो, नाहीतर रिकव्हरीत येऊन थांबतो. म्हणजे पडद्यावर काही ना काही दिसतं. फास्टबूट शाबूत असतं. मूळ फर्मवेअर पुन्हा टाकला, डेटा फॉरमॅट केला की काम होतं. लोक ज्याला सॉफ्ट ब्रिक म्हणतात तो हा, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहातले बहुतेक असेच असतात.

पण `xbl` च सापडला नाही किंवा त्याची सही जुळली नाही, तर बूट रॉमकडे पुढे उठवायला कुणी नसतं. पडदा अजून सुरूच झालेला नसतो, कारण ते काम पुढच्यांचं. मग तो एवढंच करतो: यूएसबीवर 9008 म्हणून नाव सांगतो आणि वाट बघतो. याला ईडीएल म्हणजे आणीबाणीचं डाउनलोड म्हणतात. दुकानातल्या भाषेत हा हार्ड ब्रिक, आणि दुकानदार त्या अर्थाने खोटं बोललेला नाही. पण हार्ड ब्रिक म्हणजे हार्डवेअर गेलं असं नव्हे. माझ्या हिशेबी खरा मेलेला फोन तो, जो कुठल्याही केबलवर, कुठल्याही पोर्टवर काहीच ओळख सांगत नाही.

त्यातही आपल्याकडे एक पोटभेद आहे. जून ते सप्टेंबर गोव्यात चार्जिंग पोर्टच्या आत हिरवट गंज धरतो, आणि फ्लॅश करताना लोक केबल चार वेळा काढतात-घालतात. मग आवाज येत नाही म्हणून ‘बोर्ड गेला’ असं ठरतं, आणि पोर्ट बदलला की 9008 हजर. आवाज येत नसेल तर आधी पोर्टात टॉर्च मारून बघा. तुमच्याकडे येतोय, म्हणजे ही पायरी संपली.

मग साधा रॉम टाकताना `xbl` पर्यंत धक्का पोचला कसा? तुम्ही तर `xbl` ला हातही लावला नसेल. गेल्या काही वर्षांच्या बऱ्याच फोनांत महत्त्वाच्या विभागांची जोडी असते, स्लॉट a आणि स्लॉट b. एक चालू, दुसरा पुढच्या अपडेटसाठी राखीव. रिकव्हरीतून साइडलोड केलेला रॉम चालू स्लॉटवर जात नाही, राखीव स्लॉटवर जातो, आणि रीबूटला फोन त्या स्लॉटवर उडी मारतो. बरेचसे रॉम सिस्टीम, व्हेंडर, बूट एवढंच सोबत आणतात. `xbl`, `abl`, `tz` हा खालचा फर्मवेअर ते आणत नाहीत. तो राखीव स्लॉटमध्ये आधीपासून असेल हे गृहीत धरलेलं असतं. कारखान्यातून आल्यापासून तो स्लॉट कधी भरलाच गेला नसेल, किंवा त्यात फार जुना फर्मवेअर पडलेला असेल, तर उडी थेट खड्ड्यात. लिनिएजओएसच्या काही फोनांच्या सूचनांत रॉमच्या आधी `copy-partitions` नावाची झिप साइडलोड करायला सांगतात ती एवढ्याचसाठी. चालू स्लॉट राखीवमध्ये उतरवून घ्यायचा. लोकांना ती पायरी फालतू वाटते, कारण ती केल्यावर पडद्यावर काहीच बदलत नाही.

मागच्या पावसाळ्यात फर्मागुडीला शिकणारा एक मुलगा माझ्याकडे फोंड्याला असाच फोन घेऊन आला होता. तुमच्यासारखीच गोष्ट: साइडलोड नीट झालं, रीबूट, काळोख. ते काम टप्प्याटप्प्याने सांगतो, कारण तुम्हालाही जवळपास तसंच करावं लागेल.

ईडीएलमध्ये बूट रॉम स्वतः स्टोरेज वाचत-लिहीत नाही. तो आधी एक छोटा प्रोग्राम मागतो, ज्याला आम्ही लोडर किंवा फायरहोज म्हणतो. तो रॅममध्ये चढला की तो स्टोरेज उघडतो. हा लोडर तुमच्याच चिपचा आणि तुमच्याच कंपनीने सही केलेला असावा लागतो. त्याच चिपच्या दुसऱ्या कंपनीच्या फोनचा बहुधा चालत नाही. तो शोधायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुमच्या मॉडेलच्या मूळ फर्मवेअरचं संपूर्ण पॅकेज. त्यात `prog_` ने सुरू होणारी `.elf` किंवा `.mbn` फाइल असते. त्या मुलाच्या फोनची तशी फाइल मिळाली, आणि तिथेच अर्धी लढाई संपली. काही कंपन्या लोडरपुढे स्वतःच्या सर्व्हिस सेंटरच्या अधिकृत खात्याची परवानगी मागतात. तशा फोनात घरी बसून पुढे जाता येत नाही, त्याबद्दल खाली.

मी हे काम लिनक्सवर `edl` नावाच्या मुक्त टूलने करतो. विंडोजमध्ये ड्रायव्हर बदलण्याची कटकट फार. लिनक्सवर एकच अडथळा: मोडेम समजून `ModemManager` फोनशी बोलायला धावतो, म्हणून त्याला आधी थांबवायचं. आणि लॅपटॉपच वापरायचा. डेस्कटॉपवर लिहिणं चालू असताना लाईट गेली तर आजचा हार्ड ब्रिक उद्या जास्त हार्ड होतो, आणि आपल्याकडे पावसात ती कधी जाईल याचा नेम नाही.

पहिला नियम: लिहिण्याआधी वाचायचं. विभागांचा नकाशा उतरवून ठेवला, मग दोन्ही `xbl` वाचले.

```
sudo systemctl stop ModemManager
edl gpt . --loader=prog.elf --memory=ufs
edl printgpt --loader=prog.elf --memory=ufs
edl r xbl_a xbl_a.bin --loader=prog.elf --memory=ufs
edl r xbl_b xbl_b.bin --loader=prog.elf --memory=ufs
```

इथे `prog.elf` च्या जागी तुमच्या लोडरचं नाव. जुन्या किंवा स्वस्त फोनात यूएफएसऐवजी ईएमएमसी असतं, तिथे `--memory=emmc`. दोन्ही फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडल्या. `xbl_a.bin` ची सुरुवात `7F 45 4C 46` अशी होती, म्हणजे आत खरोखरचा प्रोग्राम होता. `xbl_b.bin` मध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं. त्या मुलाला मी स्क्रीन दाखवली. तो म्हणाला, “म्हणजे दादा, फोन रिकाम्या खोलीत शिरला?” मी म्हटलं, अगदी तसंच, आणि मागची खोली जशीच्या तशी आहे.

त्यानंतर `modemst1`, `modemst2`, `fsg` आणि `persist` हे चार विभाग वाचून दोन ठिकाणी साठवले. यांत तुमचा आयएमईआय, नेटवर्कची सेटिंग आणि सेन्सरची मोजमापं असतात, आणि ती प्रत्येक फोनची वेगळी. दुसऱ्या फोनचे हे विभाग आणून टाकायचे नाहीत. ते गेले तर फोन चालू होतो पण सिम ओळखत नाही, आणि कुणी ‘आयएमईआय लिहून देतो’ म्हणाला तर त्या वाटेला जाऊ नका, आयएमईआयशी खेळणं गुन्हा आहे.

मग खरं काम, जे दोन ओळींचं निघालं.

```
edl setactiveslot a --loader=prog.elf --memory=ufs
edl reset
```

फोनला फक्त सांगितलं की b नको, a वर ये. केबल काढली, आवाज कमी आणि पॉवर दाबून धरलं, आणि फास्टबूटची स्क्रीन आली. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला चहा सांगितला, कारण खरी चूक करायची वेळ आता असते: लोक आनंदात लगेच तोच रॉम तसाच पुन्हा टाकतात आणि पुन्हा त्याच खड्ड्यात जातात. आम्ही रिकव्हरीत गेलो, आधी `copy-partitions` साइडलोड केलं, डेटा फॉरमॅट केला, आणि मग रॉम. या वेळी उडी मारली तेव्हा पलीकडे जमीन होती.

तुमच्याकडे `xbl_a` सुद्धा रिकामा किंवा भलताच निघाला, म्हणजे कुणी दुसऱ्या मॉडेलचा फर्मवेअर घातला असेल, तर स्लॉट बदलून भागत नाही. मग मूळ पॅकेजमधल्या `rawprogram` आणि `patch` या फाइल देऊन खालचा फर्मवेअर पुन्हा लिहावा लागतो. विंडोजवर तेच काम क्यूफिल नावाचं टूल करतं. लिहिण्याआधी `rawprogram` फाइल साध्या एडिटरमध्ये उघडा. वर सांगितलेल्या चार विभागांसमोर कुठली फाइल लिहायची असं नमूद असेल तर ती नोंद काढा. ‘सगळं पुसून लिहा’ असा पर्याय दिसला तर हात मागे घ्या.

या टप्प्यावर एक चूक अशी आहे जी मलाही दरवेळी उलटवता येत नाही. जुनं पॅकेज. काही फोनांत चिपच्या आत फ्यूज असतात, आणि फर्मवेअरची सुरक्षा-आवृत्ती वाढली की ते जाळले जातात. जळलेला फ्यूज परत जुळत नाही. मग त्याहून जुन्या आवृत्तीचा `xbl` सहीने बरोबर असला तरी बूट रॉम नाकारतो आणि पुन्हा 9008. ‘आधी चालत होतं ते तरी टाकून बघू’ हा विचार इथे घातक. ब्रिक होण्याआधी फोनवर जी आवृत्ती होती ती किंवा तिच्यापुढचीच घ्यायची. चुकून जुनी गेली असेल तरी नवी पुन्हा लिहिता येते, पण लोडर चालत असेल तरच.

`Sahara` असा शब्द असलेली चूक आली तर घाबरू नका. बूट रॉम आपली ओळख जोडणीच्या वेळी एकदाच सांगतो. टूल उशिरा सुरू केलं तर ती ओळख निघून गेलेली असते. केबल काढा, पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून ठेवा, टूल आधी सुरू करून ठेवा आणि मग केबल लावा. तरीही होत नसेल तर यूएसबी हब काढा, मागचा जुना 2.0 चा पोर्ट असेल तर तो वापरा. माझ्या अनुभवात इथे केबलच जास्त वेळा दोषी निघते. केबल आणि पोर्ट बदलूनही लोडर चढतो पण विभाग वाचताना दरवेळी त्याच जागी अडकतो, असं होत असेल तर मात्र बहुधा स्टोरेजची चिपच जात चालली आहे, आणि तिथे सॉफ्टवेअरचा उपाय संपतो. त्या वेळी बोर्डाचं बोलणं रास्त.

घरी कुठे थांबायचं तेही सांगतो. लोडर मिळत नाही, किंवा कंपनीची परवानगी मागतो, तिथे थांबा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. बूटलोडर अनलॉक केला होता हे लपवू नका, त्यांना ते दिसतंच. पुनर्स्थापनेचे पैसे लावतील, पण ते बोर्डापेक्षा कमी असतात. नुसतं ‘सॉफ्टवेअर मारून द्या’ म्हणू नका, “9008 वर आहे, आधी स्लॉट आणि `xbl` बघा” एवढं वाक्य सांगा. समोरच्याला ते कळलं नाही तर तो फोन त्याच्या हातात देऊ नये. आणि फार दिवस लावू नका: या अवस्थेत फोन जागाच असतो, बॅटरी उतरत जाते, आणि चार्जिंग नीट होईलच असं नाही.

तुमचा फोन मीडियाटेकचा असता तर खूण वेगळी असती. तिथे `MediaTek PreLoader USB VCOM` असं नाव दोन-चार सेकंद दिसून नाहीसं होतं, म्हणून लोकांच्या नजरेतून सुटतं. फक्त आवाज पुन्हा पुन्हा येत राहतो. तुमचा आवाज एकदाच येऊन थांबतोय का, तेवढं ऐकून ठेवा.

आता फोटो. इथे गोड बोलून उपयोग नाही. बूटलोडर अनलॉक करताना फोन स्वतःच सगळा डेटा पुसतो, पडद्यावर तसा इशाराही येतो. चवथीचे फोटो अनलॉकच्या आधीचे असतील, तर ते रविवारी रॉम टाकायच्या आधीच गेले, ब्रिकमुळे नव्हे. ईडीएलमधून `userdata` विभाग अख्खा वाचून घेतला तरी आत कूटबद्ध कचराच हाती लागेल, कारण त्याची किल्ली चिपच्या सुरक्षित भागाशी बांधलेली असते. ‘फोटो काढून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. गूगल फोटोजवर त्याच खात्याने लॉगिन करून बघा, आणि माटोळीचे फोटो घरच्या कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते का ते विचारा. त्या फर्मागुडीच्या मुलाला त्याचे फोटो मामीच्या फोनवर सापडले.

फोन फास्टबूटवर आला की आणखी एकच गोष्ट करू नका: ‘आता सगळं नीट झालं’ म्हणून बूटलोडर पुन्हा लॉक करू नका. कस्टम रॉम आत असताना लॉक केला, तर फोन स्वतःची सही नसलेली सिस्टीम बघून उठायला नकार देतो. लॉक असल्यामुळे फास्टबूटमधून काही लिहिताही येत नाही, आणि पुन्हा अनलॉक करण्याची परवानगी अँड्रॉइडच्या आतल्या सेटिंगमध्ये बसलेली असते, जिथे तुम्ही पोचूच शकत नाही. लॉक करायचाच असेल तर आधी पूर्ण मूळ फर्मवेअर, तो एकदा नीट सुरू झालेला बघून, मगच. काही फ्लॅश टूलमध्ये ‘पुसा आणि लॉक करा’ हा पर्याय आधीच निवडलेला असतो, म्हणून बटण दाबण्याआधी खालची ओळ वाचा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये काय दिसलं, आणि `printgpt` चालला तर त्यात `xbl_a`, `xbl_b` दोन्ही आहेत का, ते कळवा. फोनचं नेमकं मॉडेल आणि ब्रिक होण्याआधीची फर्मवेअर आवृत्ती मात्र खोक्यावरून नव्हे, अपडेटच्या जुन्या स्क्रीनशॉटवरून किंवा डाउनलोड केलेल्या रॉमच्या पानावरून बघून लिहा. खोक्यावरची आवृत्ती तीन वर्षांपूर्वीची असते, आणि तीच बघून पॅकेज निवडणारे लोक माझ्याकडे दुसऱ्यांदा येतात.